निळ्या खुणांची वाट

भाचीचा फोन रात्री साडेअकराला. एसवायला आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते. "मावशी, जेवण जात नाही, पुस्तक उघडलं की तोच दिसतो. हे प्रेमच ना गं?"

मुलगा तिच्याच वर्गातला, चार महिन्यांची ओळख. एखाद्या दिवशी मेसेजवर मेसेज, तर एखाद्या दिवशी नऊ-नऊ तास पत्ता नाही. मग ही त्या दोन खुणा निळ्या व्हायची वाट बघत बसते.

डोरोथी टेनॉव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी शेकडो लोकांना त्यांच्या प्रेमाबद्दल विचारलं आणि १९७९ साली पुस्तक लिहिलं. अशा झपाटलेपणाला त्यांनी 'लिमरन्स' असं नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं, की त्याला दोन गोष्टींचं खतपाणी लागतं: थोडी आशा आणि थोडी अनिश्चितता. साफ नकार आला तर ते हळूहळू ओसरतं. होकाराची पक्की खात्री पटली तरीही त्याची धग कमी होते. मधे लोंबकळत राहिलं की मात्र ते भडकतं. म्हणजे धडधड किती होते यावरून प्रेम किती आहे, हे कळत नाही. तो लोंबकळण्याचाही हिशेब असू शकतो. अर्थात झपाटलेपण आहे म्हणून प्रेम नाही, असंही नव्हे. पुष्कळांचं प्रेम त्यातूनच पुढे येतं.

मी तिला दहा दिवस वही ठेवायला सांगितलं. जीव कासावीस झाला की वेळ लिहायची आणि तो तेव्हा समोर होता की नव्हता, तेही. सतरा नोंदी निघाल्या. त्यातल्या चौदा तो समोर नसतानाच्या. समोर असताना काय होतं? "मी बरं बोलतेय ना, याचंच टेन्शन," ती म्हणाली. शिवाय त्याला आवडतात म्हणून तिने तीन भुताचे सिनेमे डोळे मिटून काढले होते. त्याच्याबद्दल नक्की ठाऊक असलेल्या गोष्टी लिही म्हटलं, तर अर्धं पानही भरेना. स्वतःबद्दल त्याला सांगितलेलं त्याहून कमी.

मग उरलं ते सरळ विचारणं. मेसेजवर नाही, समोर बसून. त्यावरही तो आठवडेच्या आठवडे गुळमुळीत बोलत राहिला असता, तर तेही उत्तरच होतं. पण हा म्हणाला, संध्याकाळी वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसावं लागतं, गल्ल्यावर फोन काढलेला त्यांना चालत नाही. सांगायला लाज वाटत होती म्हणे.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, दुपारी. "मावशी, आता तेवढं धडधडत नाही. संपलं की काय, असं वाटून घाबरलेच होते."

"मग?"

"काही नाही. काल त्याला सांगून टाकलं, मला भुताचे सिनेमे अजिबात आवडत नाहीत. तर म्हणतो, आधी का नाही बोललीस?"