ब्रेस्टस्ट्रोक : आधी हात, मग पाय

बेडकाला पोहताना तुम्ही पाहिलेच असेल. पाय पोटाशी घेऊन तो ते एकदम मागे लोटतो आणि लांब होऊन सरकत जातो. ब्रेस्टस्ट्रोकही असाच. ज्यांना पालथे तरंगता आणि सरकता येते, त्यांची येथे अडचण होते ती हात व पाय यांच्या वेळेची.

असे का? फ्रीस्टाइलमध्ये हात हवेतून पुढे येतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय पाण्यातूनच पुढे आणावे लागतात आणि तेवढा वेळ मांड्या पाण्याला आडव्या येऊन वेग मोडतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रोध सुमारे चौपट होतो. म्हणून टाचा सावकाश वर घ्याव्यात, फटका मात्र जोरात मारावा.

प्रथम जमिनीवर बसून पाऊल घोट्यात वर दुमडा आणि बोटे बाहेर वळवा. पाणी ढकलायचे ते तळपाय व पिंढरीच्या आतल्या बाजूने. मग पाण्यात हात पुढे ताणून फक्त पाय मारा : टाचा कुल्ल्यांकडे, पावले बाहेर, गोल फटका, पाय जुळवा आणि तीन मोजेपर्यंत सरका. एक पाऊल बाहेर वळले नाही तर कंबर एका बाजूला कलते व तुम्ही तिरके जाता. गुडघे पोटाखाली ओढले तर फटक्याआधी शरीर जवळजवळ थांबते.

पाय जमले की हात घ्या. हात बाहेर व आत फिरवून छातीखाली आणा. तोंड वर येईल, तेव्हा श्वास घ्या. हात खांद्यांच्या मागे नेऊ नका. हात पुढे निघाले की टाचा वर घ्या. ते जवळजवळ सरळ झाले की फटका मारा. सुरुवातीला हाताच्या एका फेरीला पायाचे दोन फटके ठेवा, मग एकास एक.

वेळ जमली की नाही, हे मोजून कळते. समजा, फक्त पायांनी १० मीटर जायला १० फटके लागले, म्हणजे फटक्याला एक मीटर. हात जोडल्यावर ८ फेऱ्यांत अंतर कापले, तर फेरीला सव्वा मीटर झाले. हातांनी भर घातली. पण फेऱ्याही १०च लागल्या, तर हातांनी मिळवलेले कुठेतरी गमावले जात आहे. बहुधा हात मागे ओढतानाच पाय वर येत असतात, किंवा हात पसरलेले असतानाच फटका बसत असतो. अशा वेळी जोर वाढवू नका. पुन्हा दोन फटके, एक हात करा आणि सरकण्याचे तीन आकडे मोजा.

फुलसावंगीसारख्या गावी विहिरीत १० मीटर मोकळी जागा मिळणे कठीण. तेथे एका कडेपासून दुसरीपर्यंतचे फटके व फेऱ्या मोजल्या तरी तुलना तीच राहते. मात्र दर वेळी काठाला सारखाच रेटा द्या आणि पट्टीचा पोहणारा मोठा माणूस काठावर असल्याखेरीज पाण्यात उतरू नका.