रात्रपाळीचा ओव्हरटाइम

सोमवारी रात्री 10ला हजेरी, मंगळवारी सकाळी 8:30ला सुटी. वजाबाकी केली तर उत्तर उणे साडेतेरा तास येतं. त्यात 24 मिळवले की खरे साडेदहा मिळतात. एक्सेलमध्ये हेच काम `=MOD(B2-A2,1)` करतं. अर्ध्या तासाची विनावेतन सुटी वजा जाता काम 10 तासांचं. पाळी 8 तासांची, तासाचा दर 100 रुपये आणि ओव्हरटाइम दुप्पट असेल, तर 2 तासांचे 400 रुपये होतात.

मात्र मध्यरात्री हिशेब तोडला, की सोमवारी 2 आणि मंगळवारी 8 तास दिसतात आणि ओव्हरटाइम नाहीसा होतो. म्हणूनच 1948च्या कारखाने कायद्याच्या कलम 57ने मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरले. पगारपत्रकात रात्रपाळी दोन तारखांत विभागलेली दिसली, तर हिशेब पुन्हा मागा.