चौदा दिवसांचा अर्ज

पोंभुर्ण्याच्या एका सरकारी कार्यालयातील शिपायाने रजेचा अर्ज तपासायला दिला. हर्नियाची शस्त्रक्रिया नागपूरला होणार होती. अर्ज दीड पान भरलेला होता. त्यात दुखणे कधी सुरू झाले, गावातल्या डॉक्टरांनी काय सांगितले, घरी कोण आजारी आहे, हे सारे होते. रजा कोणत्या प्रकारची हवी, ते मात्र कुठेच नव्हते.

“आजार नीट नाही सांगितला तर साहेब सुट्टी देतील का, भाऊ?” त्यांनी विचारले.

आजार सांगायचे काम वैद्यकीय प्रमाणपत्र करते, म्हणून अर्जातला तो मजकूर आधी काढला. मग तारखा पाहिल्या. ‘3 ते 17 नोव्हेंबर 2025, एकूण 14 दिवस’ असे लिहिले होते. पहिला आणि शेवटचा दोन्ही दिवस धरले तर हे 15 होतात. प्रमाणपत्रातली विश्रांती 14 दिवसांची होती. अशा अर्जावर आस्थापना शाखा शेरा मारून तो परत पाठवते आणि शस्त्रक्रियेची तारीख जवळ येत राहते. शेवटची तारीख 16 केली.

पुढचा प्रश्न रजेच्या प्रकाराचा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे अर्धवेतनी रजा दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला 10 दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तीच परिवर्तित रजा म्हणून पूर्ण वेतनाने घेता येते, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. 14 दिवसांसाठी 28. सेवापुस्तकात तेवढी शिल्लक होती. नसती, तर अर्जित रजा मागावी लागली असती. रविवारीच दवाखान्यात दाखल व्हायचे असल्याने मुख्यालय सोडण्याची परवानगी 2 तारखेपासून मागितली.

शेवटी अर्ज असा झाला:

“विषय : शस्त्रक्रियेसाठी 14 दिवसांची परिवर्तित रजा मंजूर करणेबाबत.

महोदय,

माझ्यावर नागपूर येथे शस्त्रक्रिया होणार आहे. त्यासाठी दि. 3 ते 16 नोव्हेंबर 2025 अशी 14 दिवसांची परिवर्तित रजा व दि. 2 पासून मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. वैद्यकीय प्रमाणपत्र व विहित नमुन्यातील अर्ज सोबत जोडला आहे. रजेतील पत्ता व भ्रमणध्वनी खाली नमूद आहे. दि. 17 रोजी योग्यता प्रमाणपत्रासह रुजू होईन.

आपला विश्वासू”

‘महोदय’, ‘ही विनंती’, ‘आपला विश्वासू’ एवढी औपचारिकता पुरते. नऊ वर्षांच्या इमानेइतबारे सेवेचा उल्लेख काढताना त्यांना वाईट वाटले, पण ती नोंद सेवापुस्तकात आहेच.

रुजू होताना योग्यता प्रमाणपत्र लागते, हे अनेकांना दवाखान्यातून घरी परतल्यावर कळते आणि एका कागदासाठी पुन्हा नागपूर गाठावे लागते. दवाखान्यातून सुट्टी होतानाच डॉक्टरांना या प्रमाणपत्रासाठी पुढील तपासणीची तारीख विचारून घ्या. अर्जावर सही करण्यापूर्वी दिवस बोटांवर मोजा आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.