एकाच रक्ताची दोन वयं

नळीवर नाव नव्हतं. फक्त क्रमांक, आणि नोंदवहीत रक्त देणाऱ्या बाईंचं वय: 52. प्रयोगशाळेतल्या ताईंनी त्या रक्तातल्या डीएनएचे दोन सारखे भाग केले आणि त्यांना वेगवेगळे क्रमांक दिले. "दोन्हींचं वय एकच आलं पाहिजे. नाही आलं, तर चूक आपल्या मोजण्यात," त्या म्हणाल्या.

हे वय मिथाइल खुणांवरून काढतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'सी'वर काही ठिकाणी मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटलेला असतो. वयाबरोबर या खुणा काही जागी वाढतात, काही जागी कमी होतात. त्या वाचण्यासाठी डीएनए रात्रभर बायसल्फाइटमध्ये ठेवला. खूण नसलेला 'सी' त्यात बदलतो आणि पुढे 'टी' म्हणून वाचला जातो. खूण असलेला तसाच राहतो. एखाद्या जागी शंभर प्रतींपैकी 62 प्रतींत 'सी' टिकला, तर तिथलं प्रमाण 62 टक्के. ही क्रिया अर्धवट झाली, तर खूण नसलेले 'सी'सुद्धा टिकतात आणि आकडा फुगतो. म्हणून ताईंनी सकाळी आधी चाचणीसाठी राखलेल्या जागा तपासल्या, मगच बाकीच्यांकडे वळल्या.

स्टीव्ह हॉर्वाथ यांनी 2013 साली अशा 353 जागा निवडून, प्रत्येकीला कमीअधिक वजन देऊन वयाचं सूत्र मांडलं. त्या सूत्राने पहिल्या भागाचं वय आलं 54, दुसऱ्याचं 58.

रक्त एकच, तरी चार वर्षांचं अंतर. प्रत्येक जागेचं वाचन थोडं इकडेतिकडे होतं आणि बेरजेत ते साठतं. यावर 2022 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उपाय सुचवला: एकेका जागेवर विसंबायचं नाही, हजारो जागा मिळून कशा बदलतात ते पाहायचं. वाचनातली चूक विखुरलेली असते. वयाचा बदल मात्र अनेक जागी एकदम दिसतो. त्या पद्धतीने दोन्ही भागांतला फरक वर्षाच्या आत आला. वय ठरलं 56.

मग या बाई चार वर्षांनी जास्त म्हाताऱ्या का? तसं म्हणता येत नाही. हे सूत्र जन्मतारखेचं वय ओळखायलाच शिकलेलं आहे. ते अगदी अचूक झालं, तर सगळ्यांचं जन्मतारखेचंच वय सांगेल आणि झिजेबद्दल काहीच नाही.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये म्हणून वेगळी वाट धरली. तिथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1,037 मुलांचा पाठपुरावा सुरू आहे. त्यांच्या वयाच्या 26, 32, 38 आणि 45 व्या वर्षी मूत्रपिंडं, फुप्फुसं, हिरड्या अशा 19 गोष्टी मोजल्या आणि कोण किती वेगाने झिजतंय ते काढलं. त्या वेगाशी मिथाइल खुणांची सांगड घातली. उत्तर वर्षांत येत नाही, वेगात येतं: 1 म्हणजे एका वर्षात एका वर्षाची झीज, 1.1 म्हणजे एक दशांश जास्त.

ताईंनी अहवालात 56 लिहिलं, आणि खाली पहिले दोन्ही आकडेही लिहिले: 54, 58.