दिवाळीच्या नावाने फिरणारा तो उपग्रह फोटो नेमकं काय सांगतो?

दिवाळी आली की ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ, ‘दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत’. आम्हीही तो एकेकाळी पुढे ढकलला आहे. पण तो दिवाळीचा नाही, आणि कुठल्याही एका रात्रीचाही नाही.

अमेरिकेच्या नोआ या हवामान व समुद्रविषयक संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली हे चित्र बनवलं. वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह नोंदी त्यांनी एकावर एक ठेवल्या. १९९२ च्या आधीपासून जिथे दिवे दिसत होते ती जागा पांढरी. १९९२ मध्ये नव्याने दिसलेले दिवे निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल. म्हणजे लाल ठिपका आतषबाजीचा नसून तिथे वीज उशिरा पोचल्याची किंवा वस्ती वाढल्याची खूण आहे. या नोंदी घेणाऱ्या उपग्रहाला रंग कळतच नव्हते. त्याला फक्त उजेड किती, एवढंच मोजता येत होतं. रंग माणसांनी नंतर भरले.

दिवाळीच्या सुमाराचा खरा फोटोही आहे. सुओमी एनपीपी या उपग्रहाने तो १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री घेतला. तो कृष्णधवल आहे आणि शहरं नीट दिसावीत म्हणून नासाने त्याचा उजेड वाढवलेला आहे. पणत्या आणि माळांमुळे पडणारी भर इतकी थोडी असते की अवकाशातून ती जाणवत नाही, असं नासानेच तेव्हा सांगितलं होतं.

असा खरा फोटो समोर असला की आपण लगेच उजेड म्हणजे माणसं आणि अंधार म्हणजे ओसाड, असा हिशेब करतो. तिथेच फसतो. भारत-पाकिस्तान सीमेवर लांबच लांब उजळ रेघ दिसते. तिथे शहर नाही, कुंपणावरचे प्रखर दिवे आहेत. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपके चमकतात, ते मुंबई हायच्या तेलक्षेत्रातले. तिथे जाळला जाणारा वायू एखाद्या गावासारखा उजळ दिसतो.

आता उलट बाजू. हिमालयाचा माथा काळा आहे, कारण तिथे माणूस राहतच नाही. पण त्या काळातल्या चित्रांत गंगेच्या उत्तरेचा बिहारही मंद दिसतो. २०११ च्या जनगणनेत बिहारमध्ये दर चौरस किलोमीटरला ११०० हून अधिक लोक होते. त्याच जनगणनेनुसार घरात उजेडासाठी मुख्यतः वीज वापरणारी कुटुंबं देशात ६७ टक्के होती, बिहारमध्ये जेमतेम १६ टक्के. बाकीच्या घरांत बहुतेक रॉकेलचा दिवा होता. तो काळोख रिकामा नव्हता, माणसांनी खच्चून भरलेला होता. फोटोशेजारी लोकसंख्येचा नकाशा ठेवला नाही, तर हिमालय आणि बिहार यांच्या अंधारातला फरक कळायला मार्ग नाही.

वेळेचीही एक गोम आहे. सुओमी एनपीपी आपल्या डोक्यावरून जातो रात्री दीडच्या सुमारास. त्या वेळी खेड्यात घराघरातले बल्ब विझलेले असतात, उरतात ते रस्त्यावरचे. म्हणून गाव अंधारात दिसलं, एवढ्यावरून तिथे वीजच नाही असं म्हणता येत नाही. एका रात्रीवर तर कधीच विसंबू नये. ढग आड येतात, चांदण्याने जमीन उजळते. म्हणून अभ्यासक अनेक निरभ्र, चंद्र नसलेल्या रात्रींची सरासरी काढतात.

आपल्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी मर्यादा मात्र ठिपक्याच्या आकाराची आहे. या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ७५० मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो, म्हणजे साधारण ५५ हेक्टर. आपल्याकडचं गावठाण आणि त्याला लागून असलेली बौद्ध वस्ती बहुतेकदा एकाच ठिपक्यात मावते. चावडीपुढे दहा दिवे लागले आणि वस्तीत एकही लागला नाही, तरी उपग्रहाला सगळं मिळून एकच आकडा दिसतो. काही वर्षांनी तो आकडा वाढला, तर गावात दिवे वाढले एवढं खरं. ते कोणाच्या दारात वाढले, हे त्या आकड्यात नसतं. त्यासाठी संध्याकाळी वस्तीत जाऊन खांब मोजावे लागतात, त्यातले पेटलेले किती ते वेगळं लिहावं लागतं, आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांच्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो.