सुट्टीच्या दिवसाचा जादा आकार

रविवारी वखार उघडावयाची म्हटली की हमाली वाढते आणि दिवाणजींस वेगळा रोज द्यावा लागतो. हा खर्च धान्याच्या भावात मिसळला, तर भाव चढविल्याचा संशय गिऱ्हाइकास येतो. म्हणून आम्ही भाव नेहमीचाच ठेवून जादा आकार बिलात वेगळ्या ओळीत लिहितो.

समजा, लग्नघरी रविवारीच तांदळाची ४० पोती हवी आहेत. हमाली पोत्यामागे १० रुपयांऐवजी २० पडली, म्हणजे ४०० रुपये अधिक झाले. दिवाणजींचा रोज ७०० रुपये. एकूण आकार १,१०० रुपये. त्याच दिवशी दुसऱ्या कोणाचा माल निघाला, तर रोजाचे ७०० रुपये दोघांत विभागून प्रत्येकी ३५० रुपयेच लावावेत.

किमतीवर शेकडेवारी मात्र लावू नये. डाळ तांदळाहून महाग असली, तरी तिचे पोते उचलण्यास अधिक श्रम पडत नाहीत.

आकडा मागणी घेतानाच सांगावा; सोमवारी सकाळी माल नेल्यास आकार पडणार नाही, हेही सांगावे. निवड गिऱ्हाइकाने केली, म्हणजे त्याच्या मनात किंतु राहत नाही. विलंब आपल्याकडून झाला असेल, तर मात्र आकार घेऊच नये.