बहात्तरच्या नियमाची झडती

मुदत ठेवीची रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल, हे सांगण्याची एक सोपी रीत बँकेच्या काउंटरपासून घरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे वापरली जाते: बहात्तरला व्याजदराने भागायचे. दर आठ टक्के असेल तर नऊ वर्षे, सहा टक्के असेल तर बारा. हा नियम जुना आहे. इटलीतील लुका पाचोली या गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात तो दिला आहे, पण का खरा आहे हे सांगितलेले नाही. नेपियरच्या लॉगॅरिथमच्या सारण्या १६१४ मध्ये आल्या, म्हणजे नियम त्याच्या स्पष्टीकरणापेक्षा शतकभराने तरी वडील आहे. नियम कुठवर खरा आणि कुठून खोटा, याचा निकाल मात्र मध्यमान प्रमेयाच्या एकाच वापरातून लागतो. त्यासाठी अंतराल विचारपूर्वक निवडावा लागतो.

प्रश्न आधी नेमका मांडू. दरवर्षी चक्रवाढ होणाऱ्या ठेवीचा दर दशांशात r मानला, म्हणजे आठ टक्क्यांसाठी ०.०८, तर t वर्षांनी एका रुपयाचे (1 + r)^t रुपये होतात. ते दोन व्हायचे असतील तर

t = ln 2 / ln(1 + r)

इथे ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथम. ln 2 ची किंमत सुमारे ०.६९३ आहे, ती ठरलेली. सगळा प्रश्न खाली बसलेल्या ln(1 + r) चा आहे. ती किंमत अचूक मिळाली नाही तरी चालेल, पण ती कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये अडकलेली आहे हे पक्के कळले पाहिजे.

मध्यमान प्रमेय असे सांगते की, एखादी राशी एका अंतरालात सलग आणि गुळगुळीत बदलत असेल, तर त्या अंतरालात आत कुठेतरी असा एक बिंदू असतोच, जिथला बदलाचा दर संपूर्ण अंतरालातल्या सरासरी दराइतका असतो. गाडीने एका तासात साठ किलोमीटर कापले असतील, तर त्या तासात एखाद्या क्षणी तरी तिचा वेग नेमका ताशी साठ होता. तो क्षण कोणता, हे प्रमेय सांगत नाही.

आता अंतराल निवडू. ln x चा बदलाचा दर x पाशी 1/x असतो. शून्यापासून सुरुवात करता येत नाही, कारण शून्यापाशी लॉगॅरिथमच नाही आणि प्रमेयाची पहिली अटच मोडते. आपल्याला ln(1 + r) हवा आहे, तेव्हा एक टोक 1 + r हवे. दुसरे टोक 1 घेतले तर ln 1 शून्य असल्यामुळे ते हिशेबातून आपोआप गळते. म्हणून 1 ते 1 + r हा अंतराल घेऊ. त्याची लांबी r आहे, तेव्हा त्याच्या आत असा एक c आहे की

ln(1 + r) = r / c

c कुठे आहे ते माहीत नाही, पण तो 1 पेक्षा मोठा आणि 1 + r पेक्षा लहान आहे, एवढे पक्के. 1/x ही राशी सतत घटत जाते, म्हणून c च्या जागी दोन्ही टोके ठेवली की असमानता तयार होते:

r / (1 + r) < ln(1 + r) < r

युक्तीचा गाभा इथे आहे. प्रमेयाने c चा पत्ता दिला नाही, ही उणीव वाटते. पण अंतराल असा निवडला की c आत कुठेही असला तरी आपला दावा टिकतो. मग पत्त्याची गरजच उरत नाही.

ही असमानता t च्या सूत्रात घातली की दुप्पट होण्याचा काळ दोन बाजूंनी बांधला जातो:

ln 2 / r < t < ln 2 / r + ln 2

या दोन सीमांमधले अंतर ०.६९३ वर्ष, म्हणजे आठ महिन्यांहून थोडे जास्त आहे, आणि त्यात r कुठेच नाही. दर दोन टक्के असो की वीस, आपले अज्ञान तेवढेच राहते. आता झडती घेऊ. आठ टक्क्यांना सीमा ८.६६ आणि ९.३६ वर्षे येतात, आणि नियमाचे नऊ त्यांच्यात बसतात. दोन टक्क्यांना सीमा ३४.६६ आणि ३५.३५ येतात, नियम मात्र ३६ सांगतो. म्हणजे दोन टक्क्यांना नियम चुकतो हे सिद्ध झाले. थोडा हिशेब केला तर दिसते की, दर सुमारे ३.९ टक्क्यांच्या खाली गेला की नियमाचे उत्तर वरची सीमा ओलांडतेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कॅल्क्युलेटर हाताशी असताना हा खटाटोप कशाला? कॅल्क्युलेटर एका दराचे उत्तर देतो. ३.९ टक्क्यांखालच्या प्रत्येक दराला नियम जास्तच वर्षे सांगतो, हे कितीही वेळा बटणे दाबली तरी सिद्ध होत नाही, कारण दर अगणित आहेत. असमानता सगळ्या दरांबद्दल एकदम बोलते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोठ्या दरांना आठ महिन्यांचा सैलपणा परवडत नाही. वीस टक्क्यांना सीमा ३.४७ आणि ४.१६ वर्षे येतात. नियम ३.६ म्हणतो आणि आत बसून सुटतो. इथे प्रमेय कमी पडले असे वाटते, पण कमी पडली ती अंतरालाची निवड. 1 ते 1.2 हा अंतराल 1.1 पाशी तोडू आणि दोन्ही तुकड्यांना प्रमेय वेगवेगळे लावू. पहिल्या तुकड्यातली वाढ 0.1/1.1 आणि 0.1 यांच्यामध्ये आहे, दुसऱ्यातली 0.1/1.2 आणि 0.1/1.1 यांच्यामध्ये. बेरीज केली की

0.1742 < ln 1.2 < 0.1910

आणि त्यावरून दुप्पट होण्याचा काळ ३.६२ आणि ३.९८ वर्षांच्या दरम्यान येतो. आता ३.६ बाहेर पडले. प्रमेय तेच, पण अंतराल आखडला तसा c ला हलायला वाव कमी उरला. आणखी तुकडे केले तर सीमा आणखी जवळ येतील.

मग आठ टक्क्यांना नियम इतका चपखल का बसतो? त्या दराला c ची प्रत्यक्ष किंमत काढली तर ती सुमारे १.०३९५ येते, म्हणजे 1 आणि 1.08 यांच्या मध्यबिंदूला जवळजवळ चिकटून. लहान अंतरालात 1/x चा आलेख फारसा वाकत नाही, म्हणून असे होते. c मध्यावर आहे असे धरले तर t साधारण दोन सीमांच्या मधोमध पडतो, म्हणजे ६९.३ ला टक्क्यांतल्या दराने भागून त्यात ०.३५ वर्ष मिळवायचे. बहात्तरचा भागाकार याच्याशी ७.८ टक्क्यांच्या आसपास जुळतो, त्याखाली तो जास्त सांगतो आणि त्यावर कमी. c मध्याजवळ असतो ही गोष्ट मात्र प्रमेयातून येत नाही, तेव्हा तिला पुरावा मानता येणार नाही.

पण पुराव्यानिशी सांगता येईल असेही यातून काही हाती लागते. ६९.३ ला दराने भागा आणि सव्वाचार महिने मिळवा. हे उत्तर दोन सीमांच्या मधोमध असल्यामुळे खऱ्या काळापासून ते सव्वाचार महिन्यांहून जास्त चुकूच शकत नाही, मग दर कितीही असो. बहात्तरच्या नियमाला अशी हमी देता येत नाही: दोन टक्क्यांनाच तो वर्षभराने चुकतो, आणि दर जितका खाली जाईल तितकी चूक वाढत जाते.